फिक्स्ड बीमचा कोलॅप्स लोड: तीन हिंज, एक समीकरण आणि टोकाचा जॉइंट

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक गाळ्यात पोटमाळा घालायचं काम होतं. गाळ्याची रुंदी सहा मीटर, दोन्ही भिंतींलगत नवे लोखंडी खांब आणि खांबाखांबांमध्ये आयएसएमबी ३०० चे बीम. आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली मुलगी गणित करून कागद घेऊन आली. बीम दोन्ही टोकांना फिक्स्ड धरला होता, कोलॅप्स लोड काढला होता, आणि गणितात एकही चूक नव्हती. चूक होती ती साइटवर, बीमच्या टोकाला. त्या चुकीकडे शेवटी येऊच. आधी तिनं केलेलं गणित पायरीपायरीने करून पाहू. परीक्षेत हा प्रश्न सोडवलेल्यांनाही त्यामागे नेमकं काय घडतं हे बऱ्याचदा सांगता येत नाही.

प्रश्न असा: सहा मीटरचा, दोन्ही टोकं पक्की असलेला आयएसएमबी ३०० बीम, पूर्ण लांबीवर सारखा पसरलेला भार, स्टीलचा यील्ड स्ट्रेस २५० मेगापास्कल. किती भाराला बीम कोसळेल?

आधी फक्त सेक्शन बघा

बीम, स्पॅन, सपोर्ट हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा. फक्त आडवा काप डोळ्यांसमोर आणा: वर एक फ्लँज, खाली एक फ्लँज, मध्ये उभी वेब. बेंडिंग मोमेंट वाढवत नेला की सगळ्यात आधी अगदी वरचा आणि अगदी खालचा धागा २५० मेगापास्कलला पोचतो. त्या क्षणीचा मोमेंट म्हणजे यील्ड मोमेंट, My. जुन्या, इलॅस्टिक पद्धतीचं गणित इथेच थांबतं. सेक्शन मात्र इथे थांबत नाही. कडेचे धागे आता आणखी स्ट्रेस घेत नाहीत, पण ताणले जात राहतात, आणि वाढीव मोमेंट त्यांच्या आतल्या धाग्यांना घ्यावा लागतो. यील्ड झालेला भाग कडेकडून मध्याकडे सरकत जातो. शेवटी वरचा अख्खा अर्धा भाग दाबात २५० वर आणि खालचा अख्खा अर्धा भाग ताणात २५० वर येतो. त्यापुढे घ्यायला कुणीच शिल्लक नसतं. हा प्लास्टिक मोमेंट, Mp. या मोमेंटला सेक्शन जागच्या जागी वळत राहतो, म्हणून त्या जागेला प्लास्टिक हिंज म्हणायचं. दाराच्या बिजागरीशी त्याचं एवढंच साम्य. दाराची बिजागरी विनासायास फिरते, ही मात्र Mp एवढा मोमेंट घट्ट धरून फिरते.

आता आकडे. तक्त्यात बघण्याआधी एकदा हातानं काढा. आयएसएमबी ३०० ची उंची ३०० मिमी, फ्लँज १४० मिमी रुंद आणि १२.४ मिमी जाड, वेब ७.५ मिमी. प्लास्टिक मोमेंट काढताना स्ट्रेस सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे काम सोपं होतं: क्षेत्रफळ गुणिले अंतर. दोन फ्लँजची एक जोडी आणि वेबच्या दोन अर्ध्या भागांची दुसरी जोडी. दोन्हींची बेरीज म्हणजे प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस, Zp.

```
फ्लँज:  140 x 12.4 x 287.6        = 499274 mm3
वेब:    7.5 x 137.6 x 137.6       = 142003 mm3
Zp                                = 641277 mm3
```

फ्लँजच्या मध्यापासून मध्यापर्यंत २८७.६ मिमी, वेबच्या अर्ध्या भागाची उंची १३७.६ मिमी, आणि त्या दोन अर्ध्यांच्या मध्यांमधलं अंतरही तेवढंच. आयएस ८००:२००७ च्या परिशिष्टात हाच आकडा ६५१.७४ घन सेमी दिलाय. आपला ६४१.३ आला, कारण खऱ्या फ्लँजला उतार असतो आणि वेब जिथे फ्लँजला भेटते त्या कोपऱ्यात थोडं जास्तीचं लोखंड असतं. आपण नुसते तीन आयत धरले. फरक दोन टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे विचार बरोबर आहे. पुढे तक्त्यातलाच आकडा वापरू. इलॅस्टिक सेक्शन मॉड्युलस तक्त्यात ५७३.६ घन सेमी आहे.

```
My = 573.6 x 250 / 1000  = 143.4 kNm
Mp = 651.74 x 250 / 1000 = 162.9 kNm
S  = Mp / My = 1.136
```

हा S म्हणजे शेप फॅक्टर. स्टील कोणत्या ग्रेडचं, स्पॅन किती, सपोर्ट कसे, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो फक्त आकाराचा आहे. भरीव आयताचा शेप फॅक्टर १.५, भरीव गोल सळईचा साधारण १.७, आणि आय सेक्शनचा मात्र १.१२ ते १.१५ च्या घरात. नवख्यांना हे उलटं वाटतं. आय सेक्शन एवढा चांगला, मग त्याचा फॅक्टर सगळ्यात लहान कसा? कारण शेप फॅक्टर चांगुलपणा मोजत नाही, यील्डनंतर आत किती शिल्लक आहे ते मोजतो. आयतात मध्याजवळचं लोखंड यील्ड होईपर्यंत जवळपास रिकामंच बसलेलं असतं, त्यामुळे शिल्लक मोठी. आय सेक्शनमध्ये बहुतेक लोखंड आधीच कडेला नेऊन ठेवलंय. ते पहिल्यापासून कामाला लागलेलं असतं, मागे फारसं उरत नाही.

इथे एक सावधगिरी. आपला सेक्शन वरखाली सारखा आहे, त्यामुळे न्यूट्रल ऍक्सिस मध्यातच राहतो. टी सेक्शन दिला की तसं नसतं. इलॅस्टिक अवस्थेत ऍक्सिस सेंट्रॉइडमधून जातो, पण पूर्ण प्लास्टिक अवस्थेत तो वरचं आणि खालचं क्षेत्रफळ समान करणाऱ्या रेषेवर सरकतो. वरचा एकूण दाब आणि खालचा एकूण ताण सारखा यायलाच हवा, आणि स्ट्रेस सगळीकडे २५० च आहे, म्हणून क्षेत्रफळंच सारखी हवीत. टी सेक्शनचा Zp सेंट्रॉइडपासून मोजला की उत्तर चुकलंच.

तीनच हिंज का?

आता बीमकडे या. दोन्ही टोकं पक्की असताना इलॅस्टिक अवस्थेत टोकाला wL²/12 मोमेंट येतो आणि मध्याला त्याच्या अर्धा, wL²/24. म्हणजे टोकं दुप्पट राबतात. भार वाढवत नेला की आधी तीच थकणार.

कडेचा धागा पहिल्यांदा यील्ड होतो तेव्हा भार ४७.८ किलोन्यूटन प्रति मीटर असतो (12My/L²). पुढे टोकाला पूर्ण Mp भरतो. यील्ड हळूहळू पसरण्याचा बारकावा सोडून दिला तर तो भार ५४.३. या वेळी मध्याला किती? त्याच्या निम्मा, ८१.५ किलोन्यूटन मीटर. मध्याची क्षमता १६२.९ आहे, म्हणजे तिथे अजून निम्मी जागा रिकामी. दोन हिंज झाले तरी बीम कोसळत नाही, कारण दोन टोकांना बिजागरी असलेला बीम म्हणजे साधा सिंपली सपोर्टेड बीम, आणि तो उभा राहतो.

यापुढचा वाढीव भार बीम सिंपली सपोर्टेडसारखा घेतो. टोकं म्हणतात, आमचं १६२.९ भरलंय, वाढीव सगळं मध्याला द्या. मध्याला आणखी ८१.५ हवेत, आणि सिंपली सपोर्टेड बीममध्ये मध्याचा मोमेंट wL²/8.

```
dw = 8 x 81.5 / 36 = 18.1 kN/m
wc = 54.3 + 18.1   = 72.4 kN/m
```

७२.४ ला मध्याला तिसरा हिंज होतो. आता एका सरळ रेषेत तीन बिजागऱ्या आहेत, आणि तीन बिजागऱ्यांचा बीम उभा राहू शकत नाही. हाच मेकॅनिझम. हंगेरीचे इंजिनियर गाबोर काझिन्सी यांनी १९१४ मध्ये टोकं पक्की धरलेल्या लोखंडी बीमवर चाचण्या घेतल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं: पहिल्या यील्डला काहीच कोसळत नाही, तीन जागा पूर्ण थकाव्या लागतात.

दुसऱ्या टप्प्यातली एक गोष्ट डोळ्यांना दिसते. फिक्स्ड बीमच्या मध्याचा झोल wL⁴/384EI, सिंपली सपोर्टेडचा त्याच्या पाचपट. म्हणजे टोकांचे हिंज झाल्यावर प्रत्येक वाढीव किलोन्यूटनला बीम आधीपेक्षा पाचपट वेगानं खाली येतो. प्रयोगशाळेत भार आणि झोलाचा आलेख काढला तर ५४ च्या आसपास रेघ आडवी होऊ लागते. ती आडवी होताना दिसली की समजायचं, टोकं गेली, मध्य अजून बाकी आहे.

आता मेकॅनिझमची पद्धत

वरचं टप्प्याटप्प्याचं गणित समजायला चांगलं, पण लांबलचक. मेकॅनिझम पद्धतीत हे टप्पे सोडून थेट शेवटच्या क्षणावर उडी मारायची. बीम कोसळताना कसा दिसेल ते काढायचं, त्याला अगदी थोडं हलवायचं, आणि बाहेरच्या भारानं केलेलं काम हिंजांनी खाल्लेल्या कामाबरोबर मांडायचं. म्हणजे व्हर्च्युअल वर्क.

कागदावर आडवी रेघ ओढा. दोन टोकांना आणि मध्याला तीन टिंबं. मधलं टिंब Δ एवढं खाली ओढा. तयार होतो एक उलटा त्रिकोण. बीमचे दोन्ही अर्धे भाग आता सरळ, ताठ काड्या आहेत. वळतात फक्त टिंबं. डावी काडी θ नं फिरली, उजवीही θ नं.

डाव्या टोकाचा हिंज θ फिरला, उजव्या टोकाचाही θ. मधला? इथे दरवर्षी निम्मा वर्ग θ लिहितो. मधल्या हिंजशी दोन काड्या भेटतात, डावी एका बाजूला θ आणि उजवी दुसऱ्या बाजूला θ, म्हणून त्यांच्यातला कोन 2θ नं बदलतो. एकूण 4θ.

आतलं काम 4Mpθ. खुणा कुठेही वजा घ्यायच्या नाहीत. हिंज टोकाला वर वाकलेला असो की मध्याला खाली, फिरताना तो ऊर्जा खातोच.

बाहेरचं काम काढताना दुसरी चूक होते. पसरलेल्या भाराला मध्याचा Δ लावायचा नाही. प्रत्येक मीटरचा भार आपापल्या जागी जेवढा खाली आला तेवढंच त्याचं काम. सगळं जोडलं तर w गुणिले त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ, म्हणजे wLΔ/2. आणि Δ म्हणजे θ गुणिले L/2.

```
w x L x (1/2) x (theta x L/2) = 4 Mp theta
w L^2 / 4 = 4 Mp
wc = 16 Mp / L^2 = 16 x 162.9 / 36 = 72.4 kN/m
```

तेच उत्तर, तीन ओळींत. टप्पे नाहीत, इलॅस्टिक मोमेंट नाहीत, I नाही, E नाही. शेवटच्या क्षणाला बीम कसा पोचला याचा हिशोब लागत नाही. याच कारणानं एक आधार थोडा खचला तरी या पद्धतीचं उत्तर बदलत नाही. मुंबईत भराव घातलेल्या जमिनीवर खांब थोडेफार खाली बसतात. इलॅस्टिक पद्धतीत त्यानं टोकांचे मोमेंट बरेच हलतात. कोलॅप्स लोड मात्र तोच राहतो, कारण एक टोक आधी थकलं आणि दुसरं नंतर, तरी शेवटी तिन्ही ठिकाणी Mp च. अट एकच: आधी थकलेल्या टोकाला पुढचं सगळं वळण न तुटता घेता आलं पाहिजे.

हिंजची जागा चुकली तर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि परीक्षेत तो अर्ध्या गुणाचाही नसतो.

समजा मधला हिंज मध्याला नाही, डावीकडून x अंतरावर आहे असं तुम्ही धरलंत. तेच समीकरण पुन्हा मांडलं की येतं:

```
w = 4 Mp / ( x (L - x) )
```

x ला L/2 घाला, १६ येतात. L/3 घाला, १८ येतात. 0.4L घाला, १६.६७. चुकीच्या जागेला मोठाच आकडा येतो, लहान कधीच येत नाही. म्हणजे मेकॅनिझम पद्धत चुकली की बीम आहे त्यापेक्षा बळकट दाखवते, असुरक्षित बाजूलाच चुकते. हा नुसता या बीमचा योगायोग नाही, अपर बाउंड थिअरम म्हणतात तो हाच: तुम्ही धरलेला कोणताही मेकॅनिझम खऱ्या कोलॅप्स लोडएवढा किंवा त्याहून मोठा आकडा देतो. म्हणून शक्य ते सगळे मेकॅनिझम तपासायचे आणि सगळ्यात लहान आकडा घ्यायचा.

पण सगळे तपासले याची खात्री कशी? मोमेंट डायग्राम काढून. L/3 वाल्या उत्तरावरच करून पाहू. w = 18Mp/L² असताना दोन्ही टोकांना Mp आहे असं आपण म्हटलंय. सिंपली सपोर्टेड बीमचा मध्याचा मोमेंट wL²/8, म्हणजे 2.25Mp. त्यातून टोकांचा Mp वजा केला की मध्याला उरतो 1.25Mp. सेक्शन तर Mp पेक्षा जास्त घेऊच शकत नाही. डायग्राम स्वतःच सांगतो की धरलेला मेकॅनिझम खोटा आहे आणि खरा हिंज मध्याकडे आहे.

इथून एक उपयोगाची युक्ती निघते. डायग्राम 1.25 पट वर गेला, तर सगळा भार 1.25 नं भागा: 14.4Mp/L². आता कुठेच Mp च्या वर मोमेंट नाही, त्यामुळे एवढा भार बीम नक्की पेलतो. हा लोअर बाउंड. खरं उत्तर १४.४ आणि १८ च्या मध्ये. अवघड फ्रेममध्ये खरा मेकॅनिझम सापडत नसेल तरी दोन्ही बाजूंचे असे आकडे हातात असले की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. 0.4L ला चूक फक्त चार टक्के होती हेही लक्षात ठेवा. जागा थोडी चुकली तर उत्तर थोडंच बिघडतं, आणि अंदाजानं सुरुवात करायला मुभा आहे ती त्यामुळेच.

शिल्लक दोन खिशांत असते

आपला बीम ४७.८ ला पहिल्यांदा यील्ड झाला आणि ७२.४ ला कोसळला. गुणोत्तर १.५१५. हे सगळं शेप फॅक्टरमुळे आलं असं बरेच जण लिहितात. शेप फॅक्टर तर १.१३६ आहे. बाकीचे १.३३ (१६ भागिले १२) कुठून आले? टोकांनी मोमेंट मध्याकडे ढकलला त्यातून. एक खिसा सेक्शनचा, दुसरा बीमचा.

दुसरा खिसा कधी रिकामा असतो ते बघा. याच बीमच्या मध्याला एकच जड भार P ठेवा. इलॅस्टिक अवस्थेत टोकाला PL/8, मध्यालाही PL/8. तिन्ही जागा सारख्याच राबतात, एकदमच थकतात. ढकलायला कुठे जागाच नाही. कोलॅप्स लोड 8Mp/L, पहिल्या यील्डचा भार 8My/L, आणि फायदा फक्त शेप फॅक्टरचा, १.१३६. तोच भार एका टोकापासून L/3 वर सरकवला तर जवळचं टोक आधी थकतं, आणि दुसरा खिसा पुन्हा १.३३ चा भरतो. म्हणून फिक्स्ड बीम म्हणजे यील्डनंतर दीडपट, असं पाठ करू नका. भार कसा आहे त्यावर ते ठरतं.

आणि आता त्या गाळ्यात

तिचं गणित इथवर अगदी असंच होतं. पुढे तिनं आयएस ८०० प्रमाणे Mp ला १.१ नं भागलं, वापरातल्या भारासाठी १.५ नं, आणि ४३.९ किलोन्यूटन प्रति मीटर काढला. बीम तीन मीटरच्या अंतरावर, सामान ठेवायचा पोटमाळा, भार स्लॅबसकट चौरस मीटरला ७.५ किलोन्यूटन धरलेला. बीमचं वजन धरून मीटरला साधारण २३ येत होते. ४३.९ च्या पुढे २३ म्हणजे भरपूर जागा.

साइटवर गेलो तर बीमचं टोक खांबाला दोन अँगल क्लीटनी धरलेलं. क्लीट फक्त वेबला, उंचीच्या मधल्या भागात, खांबाला वेल्ड केलेल्या. फ्लँज खांबापासून दहा-बारा मिमी लांब, मोकळी. फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. तिनं फॅब्रिकेटरला विचारलं, टोक फिक्स्ड आहे ना? तो मनापासून म्हणाला, "मॅडम, चारी बाजूंनी वेल्ड मारलाय, हलणार नाही." त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. बीम खाली येणार नव्हता, सरकणार नव्हता. पण टोकाला १६३ किलोन्यूटन मीटरचा मोमेंट घ्यायचा तर वरच्या फ्लँजनं खांबाला ओढायला हवं आणि खालच्या फ्लँजनं खांबाला दाबायला. मोकळी फ्लँज यातलं काहीच करत नाही. हे टोक बिजागरीसारखंच फिरणार, आणि तेही Mp न धरता.

मग मेकॅनिझम बदलतो. टोकांना आधीच मोकळ्या बिजागऱ्या आहेत, म्हणजे मध्याला एक हिंज झाला की संपलं. ऊर्जा खाणारा हिंज एकच, 2θ चा.

```
w L^2 / 4 = 2 Mp
wc = 8 Mp / L^2 = 36.2 kN/m
```

७२.४ चे ३६.२, बरोबर निम्मे. आणि हे बघा: फिक्स्ड धरून काढलेला पहिल्या यील्डचा भार ४७.८ होता. मोकळ्या टोकांचा बीम त्याच्या कितीतरी आधी कोसळतो. म्हणजे इलॅस्टिक पद्धतीनं, सांभाळून गणित केलं असतं तरी ही चूक झाकली गेली नसती. १.१ आणि १.५ नं भागून उरतात २१.९, आणि लागत होते २३.

पूर्ण एंड प्लेट लावून टोक पक्कं करू, असं तिनं सुचवलं. विचार योग्य होता. पण कडेच्या खांबाला तो सगळा मोमेंट एकट्यानं घ्यावा लागतो, पलीकडून तोलायला दुसरा बीम नाही. खांब होते आयएसएमबी १५० चे, त्यांचा प्लास्टिक मोमेंट साधारण २७-२८ किलोन्यूटन मीटर. जॉइंट कितीही घट्ट केला असता तरी हिंज बीममध्ये न होता खांबात झाला असता, आणि वरून वजन घेणाऱ्या खांबात हिंज होऊ देणं मला मान्य नाही. टोक फिक्स्ड आहे असं म्हणायच्या आधी बीम, जॉइंट आणि खांब या तिघांतला सगळ्यात अशक्त कोण ते शोधा. Mp त्याचाच घ्या.

टोक खरोखर फिक्स्ड असतं तरी दोन तपासण्या सुटल्या होत्या. पहिली शिअरची. ७२.४ च्या भाराला टोकाला २१७ किलोन्यूटन शिअर येतो. वेबची शिअर क्षमता ३२५ च्या आसपास, त्याच्या साठ टक्के म्हणजे १९५. त्याच्या वर गेलं की वेब शिअरमध्ये गुंतते आणि टोकाचा Mp कमी धरावा लागतो. या बीममध्ये तो तीन टक्के कमी होतो, कोलॅप्स लोड ७२.४ वरून ७१.३ वर येतो. फरक लहान आहे, पण स्पॅन आणखी आखूड असता तर मोठा झाला असता. आखूड आणि जास्त भाराच्या बीममध्ये हे आधी बघा.

दुसरी तपासणी जास्त चकवणारी. पोटमाळ्याचा स्लॅब वरच्या फ्लँजला धरून ठेवतो, त्यामुळे बीम बाजूला कलणार नाही असं वाटतं. मध्याजवळ ते बरोबर आहे, तिथे दाब वरच्या फ्लँजमध्ये असतो. फिक्स्ड टोकांजवळ मात्र मोमेंट उलटा, दाब खालच्या फ्लँजमध्ये, आणि खालच्या फ्लँजला कुणीच धरलेलं नाही. हिंज वळत असताना ती फ्लँज बाजूला पळाली की Mp टिकत नाही, आणि मध्याचा हिंज तयार व्हायच्या आधीच खेळ आटोपतो. टोकांच्या हिंजजवळ खालच्या फ्लँजला आडवा आधार हवा. सेक्शनही असा हवा की वळताना फ्लँज सुरकुतणार नाही. आयएस ८०० मध्ये असा सेक्शन प्लास्टिक वर्गात मोडतो आणि २५० ग्रेडच्या रोल्ड सेक्शनसाठी फ्लँजच्या अर्ध्या रुंदीचं जाडीशी गुणोत्तर ९.४ च्या आत लागतं. आपलं ७० भागिले १२.४, म्हणजे ५.६. इथे काळजी नव्हती. पातळ प्लेटा जोडून केलेल्या बीमला हीच पद्धत डोळे झाकून लावू नका. माल बाजारातून आला असेल तर टेस्ट सर्टिफिकेट हातात घेऊन वाचा, कारण हे सगळं गणित स्टील न तुटता लांब ताणलं जातं या एकाच भरवशावर उभं आहे.

गाळ्याचं शेवटी असं झालं. क्लीट आहेत तशाच ठेवल्या, बीम सिंपली सपोर्टेड धरले आणि अंतर तीन मीटरऐवजी अडीच मीटर केलं. पंधरा मीटरच्या लांबीत मधले चारचे पाच बीम झाले. एका बीमवर आता १९.२ किलोन्यूटन प्रति मीटर, २१.९ च्या आत. मध्याचा झोल जवळजवळ १९ मिमी निघाला, मर्यादा धरली होती स्पॅनच्या तीनशेव्या भागाची, २० मिमी. ड्रॉइंगवर बीमच्या टोकाशी तिनं स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं, "टोक मोकळं, फ्लँज खांबाला वेल्ड करू नये", आणि फॅब्रिकेटरला शेजारी उभं करून ती फट बोटानं दाखवली.